सोळा बिट विकत घेतले, दहाच मिळाले

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या टेबलावर हल्ली एक चपटी डबी दिसते. तिच्यावर ट्यूनिंगचं चाक नसतं आणि आत जुन्या रिसीव्हरसारखी मिक्सरांची उतरंडही नसते. अँटेनातून आलेला सिग्नल फिल्टरमधून गाळून थेट एका चिपला दिला जातो. ती चिप सिग्नलचं व्होल्टेज सेकंदाला बारा कोटींहून अधिक वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप आकडा करून पुढे पाठवते. स्टेशन निवडणं, आवाज काढणं, खरखर कमी करणं ही पुढची सगळी कामं गणिताने होतात.

या चिपला अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर किंवा नुसतं एडीसी म्हणतात. हॅम लोकांच्या ओळखीची एक एडीसी म्हणजे लिनियर टेक्नॉलॉजीची एलटीसी २२०८. ती १६ बिटांची आहे आणि सेकंदाला १३ कोटी नमुने घेऊ शकते. एचपीएसडीआर या खुल्या प्रकल्पाच्या मर्क्युरी बोर्डावर हीच चिप १२२.८८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालवली होती. आकडा विचित्र वाटतो खरा, पण त्याला ४८ किलोहर्ट्झने भागलं तर बरोबर २५६० येतात आणि पुढचं गणित सोपं होतं.

आता समजा, अशा रिसीव्हरवर कुणी ७.१ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकतोय. सगळं छान चाललंय. मग त्याला वाटतं, याच डबीवर दोन मीटरचा पट्टा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचं बोलणं का ऐकू नये? चिप तर ७०० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल आत घेते. तो कमी फ्रिक्वेन्सीचा फिल्टर काढतो, १४४ ते १४६ एवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर लावतो आणि रिसीव्हर चालूही होतो. पण एखादं जोरदार स्टेशन सुरू झालं की सगळ्या पडद्यावर गोंगाटाची पातळी वर चढते आणि दूरची मंद स्टेशनं त्यात बुडून जातात. चिप तीच, बिट तेवढेच, सिग्नलचा जोरही तेवढाच. बदललीय ती फक्त फ्रिक्वेन्सी.

आधी एक शंका दूर करू. सेकंदाला १२.२८८ कोटी नमुने घेऊन १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल पकडता येतो तरी कसा? नमुन्यांचा वेग सिग्नलच्या दुपटीहून जास्त हवा, असं आपण शिकलेलो असतो. नेमका नियम असा की तो वेग सिग्नलच्या पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त हवा. १४४ ते १४६ ही रुंदी जेमतेम २ मेगाहर्ट्झ. बाकी काही आत येऊ दिलं नाही, तर १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल आकड्यांमध्ये १४५ वजा १२२.८८, म्हणजे २२.१२ मेगाहर्ट्झवर घडी पडून दिसतो. त्यात चूक काही नाही. मोबाइलच्या बेस स्टेशनांमध्ये हे तंत्र सर्रास वापरतात. पण ही घडी पुढे एक फसवणूक करते, तिच्याकडे नंतर येऊ.

एडीसीचं काम आपण ‘व्होल्टेज मोजणं’ असं म्हणतो. खरं तर ती ‘ठरल्या क्षणी’ व्होल्टेज मोजते. क्लॉकची कड वर चढली की आतला स्विच उघडतो, त्या क्षणाचं व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरवर अडकतं आणि मग त्याचा आकडा होतो. पुढचं सगळं गणित असं धरून चालतं की हे क्षण अगदी समान अंतरावर आहेत. प्रत्यक्षात कोणतीही कड नेमक्या वेळी येत नाही. एक किंचित लवकर येते, दुसरी किंचित उशिरा. या पुढेमागे होण्यालाच जिटर म्हणतात. तो पिकोसेकंदांत मोजतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ०.३ मिलिमीटर सरकतो.

इतक्या बारीक चुकीने काय बिघडणार? ते सिग्नल त्या क्षणी किती वेगाने चढतोय-उतरतोय यावर ठरतं. घाटात आणि पठारावर चालण्यासारखंच आहे हे. पठारावर पाऊल हातभर पुढे पडलं तरी आपली उंची तीच राहते, कड्यावर मात्र तेवढ्यानेच आपण कुठल्या कुठे जातो. सिग्नल सपाट असताना नमुना जरा उशिरा घेतला तरी व्होल्टेज तेच मिळतं. तो उभा चढत असेल, तर वेळेची प्रत्येक चूक थेट व्होल्टेजची चूक होऊन बसते. एवढंच नव्हे, एकदा आकडा नोंदला गेला की त्यातला चुकीचा भाग वेगळा काढता येत नाही, कारण ती कड नेमकी किती उशिरा आली होती याची नोंद कुठेच नसते.

आपल्या चिपचे आकडे घेऊन पाहू. तिच्या मोठ्या रेंजमध्ये सिग्नल तळापासून शिखरापर्यंत २.२५ व्होल्ट असू शकतो. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, म्हणून एक पायरी साधारण ३४ मायक्रोव्होल्टची. आता पूर्ण उंचीचा, ७.१ मेगाहर्ट्झचा सिग्नल घ्या. शून्य ओलांडताना तो सर्वांत उभा असतो आणि तिथे एका पिकोसेकंदात सुमारे ५० मायक्रोव्होल्ट चढतो. क्लॉक एक पिकोसेकंद चुकलं तर दीड पायरीची चूक झाली. चिपचा स्वतःचा गोंगाट याहून जास्त असतो, त्यामुळे कुणाला काही कळतही नाही.

तेवढ्याच उंचीचा सिग्नल १४५ मेगाहर्ट्झचा असेल, तर तो एका पिकोसेकंदात सुमारे १ मिलिव्होल्ट चढतो. तीच एक पिकोसेकंदाची चूक आता तीस पायऱ्यांची झाली. चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची म्हटलं, तर क्लॉकला साधारण १७ फेम्टोसेकंदांच्या आत वागावं लागेल. फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचाही हजारावा भाग. चिपच्या आतल्या स्विचचा स्वतःचा जिटरच ७० फेम्टोसेकंद आहे आणि उत्पादक तो अभिमानाने सांगतो. म्हणजे इथे सोळाच्या सोळा बिट मिळणं पहिल्यापासूनच शक्य नव्हतं.

हे सगळं एका सूत्रात मावतं:

SNR = −20 log10(2π × f × t)

यात f ही सिग्नलची फ्रिक्वेन्सी आणि t हा जिटर, सरासरी वर्गमुळाच्या हिशेबाने सेकंदांत. उत्तर डेसिबलमध्ये येतं: सिग्नल जिटरच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते. सूत्रात काय नाही हेही बघा. बिटांची संख्या नाही, नमुन्यांचा वेग नाही आणि सिग्नलची उंचीही नाही. उंची दुप्पट केली तर चढही दुप्पट होतो, चूकही दुप्पट होते आणि गुणोत्तर होतं तिथेच राहतं. साध्या गोंगाटावर सिग्नल वाढवून मात करता येते, यावर नाही. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की सहा डेसिबल, म्हणजे जवळपास एक बिट हातचा जातो. दसपट झाली तर वीस डेसिबल.

एक पिकोसेकंदाच्या जिटरने ७.१ मेगाहर्ट्झला ८७ डेसिबल मिळतात. चिपचा उरलेला गोंगाट सिग्नलच्या सुमारे ७८ डेसिबल खाली असतो. दोन्ही गोंगाटांच्या शक्ती मिळवल्या तर एकूण ७७.५ येतात, म्हणजे तोटा अर्ध्या डेसिबलचा. १४५ मेगाहर्ट्झला तेच क्लॉक ६०.८ डेसिबलवर थांबतं. चिपचा ७८ हा आकडा सोयीसाठी तसाच धरला तरी एकूण ६०.७ येतात. बिटांत सांगायचं तर ९.८. खोक्यावर सोळा लिहिलंय, हाती दहाही पडत नाहीत, आणि यात चिपचा दोष नाही.

आता त्या घडीकडे येऊ. सिग्नल आकड्यांत २२.१२ मेगाहर्ट्झवर दिसतो, म्हणून पुष्कळ जण सूत्रात २२.१२ घालतात. तसं केलं तर ७७ डेसिबल येतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण स्विच उघडतो त्या क्षणी त्याच्यासमोर १४५ मेगाहर्ट्झचा उभा चढ असतो. घडी नंतर, आकड्यांच्या दुनियेत पडते. चूक तोवर होऊन गेलेली असते. तेव्हा सूत्रात पिनवर येणारी खरी फ्रिक्वेन्सीच घालायची. सोळा डेसिबलचा हा गैरसमज भल्याभल्यांच्या आराखड्यात शिरतो. कमी वेगाची स्वस्त एडीसी घेऊन घडीच्या तंत्राने उंच फ्रिक्वेन्सी पकडली की झालं, असं त्यांना वाटतं. एडीसी स्वस्तात मिळते, पण क्लॉकच्या बाबतीत ती सवलत नाही.

६०.७ डेसिबल वाचून एखादा हॅम म्हणेल, ‘मला काय फरक पडतो? मी तर फक्त अडीच किलोहर्ट्झची खिडकी ऐकतो.’ त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. जिटर पूर्णपणे बेशिस्त असेल, एका कडेच्या चुकीचा पुढच्या कडेशी काही संबंध नसेल, तर त्याचा गोंगाट शून्यापासून ६१.४४ मेगाहर्ट्झपर्यंत सारखा पसरतो. अडीच किलोहर्ट्झच्या खिडकीत त्यातला अगदी थोडा येतो आणि त्यातून ४४ डेसिबलचा फायदा मिळतो. म्हणजे खिडकीतला गोंगाट जोरदार स्टेशनापेक्षा सुमारे १०५ डेसिबल खाली राहतो. पण जिटर नसता तर तो १२२ डेसिबल खाली असता. मधल्या सतरा डेसिबलमध्ये जी मंद स्टेशनं होती, ती बुडाली. शक्तीच्या हिशेबात हा पन्नासपटीचा फरक आहे. शेजारच्या टेकडीवरचा रिपीटर बोलायला लागला की दूरचा माणूस ऐकू येईनासा होतो, तो असा.

शिवाय सगळा जिटर बेशिस्त नसतो. प्रत्येक ऑसिलेटर सावकाशही डोलत असतो आणि हे डोलणं पसरत नाही. जोरदार स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना ते घोळदार झग्यासारखं दिसतं. त्या झग्यात सापडलेल्या स्टेशनाला खिडकी कितीही अरुंद केली तरी फारसा फायदा होत नाही.

मग हा जिटर येतो कुठून? चिपच्या आतल्या स्विचचा वाटा आपण पाहिला. बाकीचा क्लॉकच्या वाटेवर गोळा होतो, आणि तिथे तोच चढ उलट्या भूमिकेत भेटतो. क्लॉकच्या तारेवर थोडंफार गोंगाटाचं व्होल्टेज असतंच. कड एका ठरावीक व्होल्टेजला पोचली की स्विच उघडतो. कड सावकाश चढणारी असेल, तर एवढ्याशा व्होल्टेजने तो क्षण बराच पुढेमागे होतो. उभी असेल तर जवळजवळ होत नाही. १२२.८८ मेगाहर्ट्झचं साइन लहरीचं क्लॉक घ्या, शिखर १ व्होल्टचं आणि त्यावर १०० मायक्रोव्होल्ट गोंगाट. जिटर येतो ०.१३ पिकोसेकंद. तेच क्लॉक वाटेत दुबळं होऊन ०.१ व्होल्टचं झालं तर १.३ पिकोसेकंद. ऑसिलेटर उत्तम होता, पण तारेने आणि जोडण्यांनी त्याची पत घालवली. सिग्नलच्या बाजूला उभा चढ शत्रू असतो आणि क्लॉकच्या बाजूला मित्र, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं डिझाइन जमलं असं मी म्हणेन.

सर्वांत वाईट सवय म्हणजे क्लॉक एफपीजीएमधून काढणं. सोय म्हणून ही कल्पना आकर्षक आहे: एफपीजीए बोर्डावर असतेच, तिच्यात पीएलएल असते, हवी ती फ्रिक्वेन्सी मिळते. पण त्या चिपच्या आत हजारो फ्लिप-फ्लॉप एकाच वेळी उलटसुलट होत असतात, तिचा पुरवठा थरथरत असतो आणि बाहेर पडणाऱ्या कडेवर दहापट, पन्नासपट पिकोसेकंदांचा जिटर बसलेला असतो. ५० पिकोसेकंद धरा. १४५ मेगाहर्ट्झला उरतात २७ डेसिबल, म्हणजे चार बिट. ७.१ मेगाहर्ट्झलासुद्धा ५३ डेसिबल, साडेआठ बिट. डिजिटल सर्किटला याचा पत्ताही लागत नाही. तिथे कड पुढची येईपर्यंत पोचली की झालं. म्हणून नुसतं डिजिटल काम केलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही. क्रिस्टल ऑसिलेटरमधून निघालेलं क्लॉक आधी एडीसीला द्यावं आणि मग एडीसीकडून एफपीजीएला. उलट कधीच नाही.

ऑसिलेटरच्या माहितीपत्रकात जिटरऐवजी बहुधा फेज नॉइज दिलेला असतो. मूळ फ्रिक्वेन्सीपासून इतकं दूर, प्रत्येक हर्ट्झला इतके डेसिबल खाली, असं कोष्टक. लोक त्यातले जवळचे, १०० हर्ट्झ किंवा १ किलोहर्ट्झचे आकडे बघून खूश होतात. पण जिटरची बेरीज करताना बहुतेक वाटा दूरच्या, सपाट तळाचा असतो, कारण तो मैलोगणती पसरलेला असतो. हा तळ उणे १५० डेसिबलवर असला आणि १०० मेगाहर्ट्झपर्यंत तसाच राहिला, तर १२२.८८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला तो एकटाच ०.५८ पिकोसेकंदांचा जिटर देतो. त्याच क्लॉकच्या वाटेवर अरुंद फिल्टर लावून दोन्ही बाजूंना १ मेगाहर्ट्झपुरताच तळ आत सोडला, तर जिटर ०.०६ पिकोसेकंदांवर येतो. दहापट सुधारणा, म्हणजे वीस डेसिबल. फक्त फिल्टरने क्लॉकची उंची खाल्ली तर मघाचा सावकाश कडेचा रोग उद्भवतो. म्हणून फिल्टरआधी सिग्नल पुरेसा जोरदार ठेवावा लागतो.

आपल्या बोर्डावरचा गोंगाट जिटरचाच आहे हे ओळखायचं कसं? सिग्नल जनरेटरने १४५ मेगाहर्ट्झचा पूर्ण उंचीचा सिग्नल द्या आणि पडद्यावर गोंगाटाचा तळ कुठे आहे ते लिहून ठेवा. आता सिग्नल वीस डेसिबलने उतरवा. गोंगाट चिपचा स्वतःचा असेल तर तळ जागचा हलणार नाही. जिटरचा असेल तर तळही सिग्नलबरोबर खाली उतरेल, जोवर त्याला खालून चिपचा गोंगाट भेटत नाही. मग दुसरी खूण तपासा. उंची तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी करा. तळ सहा डेसिबल खाली गेला तर शंकेला जागा उरत नाही.

या चाचणीत दोन खड्डे आहेत. जनरेटरचा स्वतःचा गोंगाट तुमच्या क्लॉकपेक्षा वाईट असेल, तर तुम्ही एडीसी नव्हे, जनरेटरच मोजत बसाल. म्हणून जनरेटर आणि एडीसी यांच्यामध्ये अरुंद बँडपास फिल्टर हवाच. दुसरा खड्डा जास्त फसवा. क्लॉक आणि चाचणीचा सिग्नल एकाच संदर्भ ऑसिलेटरवरून घेतले, तर त्या ऑसिलेटरचं सावकाश डोलणं दोन्हीकडे सारखंच येतं आणि बरंचसं एकमेकांत विरून जातं. पडद्यावर झगा नाहीसा होतो, आकडे झकास येतात. पण हवेतून येणाऱ्या स्टेशनाला तुमच्या ऑसिलेटरशी काहीच देणंघेणं नसतं. अँटेना जोडली की झगा परत येतो.

क्लॉक सुधारल्यावर किती मिळवता येईल? बाहेरून येणारा जिटर १०० फेम्टोसेकंदांवर आणला आणि त्यात चिपचे ७० मिसळले. असे स्वतंत्र जिटर सरळ मिळवत नाहीत, वर्ग करून मिळवतात आणि वर्गमूळ काढतात. एकूण येतात १२२. १४५ मेगाहर्ट्झला जिटरची मर्यादा ७९ डेसिबलवर जाते आणि चिपचा गोंगाट धरून ७५.५ उरतात. साठच्या पुढे जवळजवळ पंधरा डेसिबल, चिप न बदलता. याहून क्लॉक सुधारत बसण्यात अर्थ कमी, कारण आता चिपचा स्वतःचा गोंगाटच आडवा येतो. १९९९ साली रॉबर्ट वॉल्डन यांनी तोवरच्या एडीसींचा मोठा आढावा घेतला, तेव्हाही वेगवान चिपांच्या टोकाला हीच जिटरची भिंत दिसली होती. बिट वाढवायला कारखान्यांना जमतं, पण वेळ नेमकी ठेवणं फार अवघड जातं.

तेव्हा असा रिसीव्हर किंवा एडीसीचा बोर्ड घ्यायला निघालात, तर माहितीपत्रकातला पहिल्या पानावरचा डेसिबलचा आकडा वाचून थांबू नका. तो बहुतेकदा कमी फ्रिक्वेन्सीला मोजलेला असतो. तुम्हाला जी फ्रिक्वेन्सी ऐकायची आहे तिथला आकडा आतल्या आलेखात शोधा, आणि विकणाऱ्याला विचारा की क्लॉक कुठून येतं आणि त्याचा फेज नॉइज किती आहे. उत्तर मिळालं नाही, तर बिटांसाठी जादा पैसे मोजू नका.